नामदेवांच्या पदातला कुठला शब्द कुठल्या भाषेतला, हे पहिल्यांदा शोधणाऱ्यांसाठी

गुरु ग्रंथ साहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत हे बऱ्याच जणांना माहीत असतं, पण ती उघडून वाचायला बसलं की मराठी माणसाचा एक घोटाळा हमखास होतो, आपल्याला प्रत्येक ओळीत मराठी दिसायला लागतं. तिलंग रागातलं एक पद आहे, त्यात 'नीकी तेरी बिगारी आले तेरा नाउ' अशी ओळ येते. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा 'आले' म्हणजे आपलं आले, 'तुझं नाव आलं' असंच काहीतरी असणार म्हणून पुढे गेलो. तो शब्द खरं म्हणजे 'आली' आहे, अरबीतून फारसीत आलेला, म्हणजे उच्च, थोर. तुझं नाव थोर, एवढाच अर्थ. त्याच पदाच्या सुरुवातीला 'हले यारां' आहे, तिथे हलण्याबिलण्याचा काही संबंध नाही, 'हले' ही फारसीतली हाक आहे, अरे मित्रांनो अशी.

तर हा लेख ज्यांना अशा मिश्र भाषेतल्या पदांत शब्दाशब्दाला भाषेची चिठ्ठी लावून बघायची आहे त्यांच्यासाठी. कबीर, रैदास, त्रिलोचन अशा कुणावरही हे करता येतं पण मी नामदेवांचं एकच पद घेतोय, कारण त्यात आपल्याला मराठी आतून माहीत असते आणि त्यामुळेच फसायची जागाही जास्त असते.

पद आसा रागातलं आहे, अंग ४८५ (ग्रंथाच्या पानाला अंग म्हणतात, एकूण १४३०). आधी पूर्ण पद शांतपणे दोनदा मोठ्याने वाचा, अर्थ लगेच लावायला जाऊ नका.

आनीले कुंभ भराईले ऊदक ठाकुर कउ इसनानु करउ ॥
बइआलीस लख जी जल महि होते बीठलु भैला काइ करउ ॥
जत्र जाउ तत बीठलु भैला ॥
महा अनंद करे सद केला ॥ रहाउ ॥
आनीले फूल परोईले माला ठाकुर की हउ पूज करउ ॥
पहिले बासु लई है भवरह बीठल भैला काइ करउ ॥
आनीले दूधु रीधाईले खीरं ठाकुर कउ नैवेदु करउ ॥
पहिले दूधु बिटारिओ बछरै बीठलु भैला काइ करउ ॥
ईभै बीठलु ऊभै बीठलु बीठल बिनु संसारु नही ॥
थान थनंतरि नामा प्रणवै पूरि रहिओ तूं सरब मही ॥

भाव सोपा आहे. देवाला आंघोळ घालायला घडा भरून पाणी आणलं, तर त्या पाण्यात बेचाळीस लाख जीव आधीच आहेत आणि त्यांच्यात विठ्ठल आहेच, मग मी काय करू. फुलं आणून माळ ओवली तर भुंग्याने वास आधीच घेतलाय. दूध आणून खीर केली तर वासराने ते आधीच उष्टं केलंय. 'रहाउ' लिहिलेली ओळ म्हणजे आपलं ध्रुपद समजा.

पहिली पायरी: पाठ नीट मिळवा

हे काम पाठावर उभं आहे, पाठ चुकला की सगळं चुकतं. नेटवर ही पदं 'सोप्या' देवनागरीत फिरतात, त्यात 'इसनानु'चं स्नान, 'बीठलु'चं विठ्ठल, 'बिटारिओ'चं 'बिटारियो' असं कुणीतरी आपल्या मनाने नीटनेटकं केलेलं असतं. असला पाठ ह्या कामाला निरुपयोगी, कारण नेमका पुरावा पुसलेला असतो. गुरमुखीवरून अक्षराला अक्षर लावून केलेलं देवनागरी घ्या, ज्यात शब्दाच्या शेवटचे ऱ्हस्व उ आणि इ तसेच ठेवलेत. गुरमुखी वाचता आली तर उत्तमच, देवनागरी येणाऱ्याला ती लिपी आठवड्याभरात जमते, खरंच फार अवघड नाहीये.

दुसरी गोष्ट, जुन्या पोथ्यांमध्ये शब्द सुटे लिहिलेले नसायचे, ओळ सलग असायची. म्हणजे आज आपण 'आनीले' असा एक शब्द बघतो तो तोडण्याचा निर्णय नंतर कुणीतरी घेतलेला आहे. हे डोक्यात राहू द्या, पुढे उपयोगी पडणार आहे.

दुसरी पायरी: लेखनाचा थर बाजूला काढा

नामदेवांचा काळ १२७० ते १३५० मानतात. आदि ग्रंथ गुरु अर्जनदेवांनी १६०४ मध्ये सिद्ध केला, भाई गुरदासांनी लिहून घेतला. मधली अडीचशे वर्षं पदं गाणाऱ्यांच्या तोंडी आणि वेगवेगळ्या वह्यांतून फिरत होती. तेव्हा शब्दावर जे दिसतं त्यातलं काही लिहिणाऱ्याच्या पद्धतीचं आहे, कवीच्या भाषेचं नाही, आणि ते आधी ओळखून बाजूला ठेवायला लागतं.

सगळ्यात ठळक म्हणजे शेवटचा उ. 'बीठलु', 'दूधु', 'संसारु', 'इसनानु' हा उ एकवचनी पुल्लिंगी नामाची खूण आहे, अपभ्रंशातून चालत आलेली आणि ग्रंथाच्या लेखनात बरीच नियमाने पाळलेली. गंमत बघा, नामानंतर शब्दयोगी अव्यय आलं की उ गळतो. 'बीठलु' एकटा असतो पण 'बीठल बिनु' मध्ये उ नाही, 'ठाकुर कउ' मध्येही नाही. मग 'दूधु' ला उ आहे म्हणून तो पंजाबी शब्द झाला का? नाही. तो उ पाठाचा आहे, दूध मराठीत हिंदीत पंजाबीत सगळीकडे आहे. नवखे लोक इथे सर्रास 'पंजाबी' लिहून टाकतात, आणि मग मोजणीत अर्धं पद पंजाबी निघतं.

तसंच 'लख'. ग्रंथाच्या लेखनात दुहेरी व्यंजनाची वेगळी खूण लावलेली नसते त्यामुळे 'लख' म्हणजे पंजाबी तोंडात 'लक्ख'. पंजाबीने जुनं द्वित्त ठेवलं, हत्थ, कम्म, लक्ख, आणि आपण व हिंदीवाल्यांनी स्वर लांबवला, हात/हाथ, काम, लाख. म्हणजे 'लख' मधला ऱ्हस्व अ हा पंजाबकडे बोट दाखवतो, पण तो गाणाऱ्याने केलेला बदल असू शकतो, म्हणून मी त्याला अर्धंच मत देतो.

आणखी एक, ग्रंथाच्या लेखनात ळ नाही. तेव्हा मूळ शब्दात ळ असला तरी तुमच्यासमोर तो ल किंवा र होऊनच येणार. आपल्या भाषेची एवढी मोठी खूण इथे पहिल्यापासूनच गायब आहे.

तिसरी पायरी: शब्द दोन तुकड्यांत तोडा

सगळ्यात महत्त्वाची पायरी ही, बाकी काही विसरलात तरी चालेल. एका शब्दाला एक भाषा असं धरून चालूच नका. वहीत किंवा एक्सेलमध्ये चार रकाने करा: शब्द, धातू किंवा मूळ, प्रत्यय, शेरा. मूळ आणि प्रत्यय दोघांना स्वतंत्र चिठ्ठी लावायची.

'भराईले' घ्या. प्रत्यय '-ईले', आपल्या जुन्या मराठीतल्या केलें, आणिलें, ठेविलें ह्यांच्या घरचा वाटतो. पण मूळ? मराठीत प्रयोजक करताना आपण 'अव' लावतो, भरणे-भरवणे, जुनं 'भराविले'. इथे 'भरा-' आहे, भराना, म्हणजे हिंदी पद्धतीचं. तर शब्द असा लिहायचा:

भराईले: मूळ हिंदी बाजूचं, प्रत्यय मराठीसारखा.

'रीधाईले' तर फारच छान आहे. आपल्याकडे रांधणे, त्यात नाकातला उच्चार आहे आणि आ आहे. पंजाबीत शिजवलेल्याला 'रिद्धा' म्हणतात, अजूनही माघीच्या खिरीबद्दल 'पोह रिद्धी माघ खाधी' अशी म्हण आहे, पौषात रांधलेली माघात खाल्ली. आणि पदात रांधलीय तीही खीरच! तेव्हा 'रीध-' पंजाबी बाजूचं, त्याला '-आईले'. एका शब्दात पंजाब आणि महाराष्ट्र शेजारी बसलेत.

आता उलट बाजू बघा, 'बिटारिओ'. वासराने दूध 'बिटारिओ'. मोठ्याने म्हणा, बिटार, बिटाल, विटाळ. व चा ब केला आणि ळ चा र (ब्रज बोलीत बादलचा बादर होतो तसाच), की सरळ आपलं विटाळणे. नात्यातले शब्द गुजरातीतही आहेत, म्हणून फक्त मराठीचाच हक्क मी सांगत नाही, पण आपल्या बाजूचा शब्द नक्की वाटतो. आणि प्रत्यय? '-इओ', चलिओ, रहिओ, हा उत्तरेकडचा भूतकाळ. म्हणजे भराईलेच्या अगदी उलटं, मूळ आपलं आणि शेपूट उत्तरेचं. मला हे कळलं तेव्हा मी एकट्यानेच बराच वेळ तो शब्द म्हणत बसलो होतो.

चौथी पायरी: कुणाचं मत किती वजनाचं

नामं सहज प्रवास करतात. ठाकुर, नैवेद्य, कुंभ, फूल, माला, खीर, हे शब्द बघून भाषा ठरवायला गेलात तर काहीच ठरणार नाही, सगळ्यांकडे आहेत. ह्यांना 'सामायिक' चिठ्ठी लावा आणि सोडून द्या. उदक, यत्र-तत्र वरून आलेलं 'जत्र… तत' ह्यांना 'संस्कृत'. सामायिक ही चिठ्ठी भरपूर वापरा, त्यात कमीपणा काही नाही.

वजन कुणाला? जे शब्द कुणी उसने घेत नाही त्यांना. सर्वनामं, शब्दयोगी अव्ययं, क्रियापदाचे प्रत्यय, आणि ११ ते ९९ मधले आकडे.

सर्वनाम: 'ठाकुर की हउ पूज करउ', इथे मी साठी 'हउ'. ब्रजमध्ये हौं, जुन्या पंजाबीत हउ, गुजरातीत हुं. मराठीत जुन्या काळापासून 'मी'. तेव्हा हे मराठी नाही, विषय संपला.

अव्ययं: कउ (को), महि (में), की, बिनु. आपण म्हटलं असतं देवासी, जळामाजीं, विण. एकही मराठी नाही.

क्रियापद: 'करउ' हा प्रथमपुरुषी एकवचन, जुन्या मराठीत करीं किंवा करूं. 'लई है' मध्ये तर सरळ 'है' बसलाय.

आकडा: बइआलीस. हा माझा सगळ्यात आवडता पुरावा. मराठीत बेचाळीस, मध्ये च आहे. गुजरातीत बेतालीस, मध्ये त. हिंदीत बयालीस, पंजाबीत बिआली, शेवटचा स गळालेला. पदात बइआलीस आहे, च नाही, त नाही, आणि स शाबूत. एका आकड्याने मराठी, गुजराती आणि पंजाबी तिघांना बाजूला करून हिंदी पट्ट्यावर बोट ठेवलं. दुसरं कुठलंही मिश्र पद हातात आलं तर आधी त्यात एखादा आकडा सापडतोय का ते बघा.

ह्याच्या जोडीला एक ध्वनीची चाचणी. बीठल, बिनु, बासु, बछरै, बिटारिओ, ह्या पाचही शब्दांत मूळ व चा ब झालाय. मराठी व ठेवते, विठ्ठल, विण, वास, वासरू, विटाळ. पंजाबीही व ठेवते, वासराला तिकडे 'वच्छा' म्हणतात. मग ब कुठला? ब्रज आणि आसपासचा. म्हणजे लिपी पंजाबची असली तरी पदाचा ध्वनी मधल्या मुलखातला आहे, पंजाबात पोचायच्या आधी पद तिकडच्या गाणाऱ्यांच्या तोंडात बरंच राहिलं असावं असं मला वाटतं. 'आनीले' सुद्धा बघा, आपलं आणणे ण चं, गुरमुखीत ण हे अक्षर आहे, तरी इथे न आहे. म्हणजे ज्या शब्दाला आपण सगळ्यात मराठी समजत होतो त्याचं मूळही उत्तरेचा वेष घालून आलंय.

पाचवी पायरी: '-ले' खरंच मराठी आहे का, तपासा

इथे घाई करायची नाही. ल चा भूतकाळ फक्त आपला नाही. भोजपुरीत भइल, मैथिलीत भेल, बंगाली, ओडिया, असमिया सगळीकडे ल आहे. तेव्हा ल दिसला की मराठी हे समीकरण चुकीचं आहे. आणि 'नामदेव महाराष्ट्रातले म्हणून ल मराठी' हा युक्तिवाद तर वापरायचाच नाही, कारण आपण जे शोधतोय तेच गृहीत धरल्यासारखं होतं.

शिवाय एक वेगळीच शंका काढता येते, मघाशी म्हटलं ना ओळी सलग लिहिलेल्या असायच्या, मग 'आनीले' हे 'आनि ले' असं हिंदी का नसेल, आणून घे, भरून घे, ओवून घे? शंका रास्त आहे. ती तपासायला दुसरं पद लागतं, म्हणून रामकली रागातलं पद उघडा, अंग ९७२. 'आनीले कागदु काटीले गूडी आकास मधे भरमीअले', आणि ध्रुपद 'मनु राम नामा बेधीअले'. तिथे प्रत्येक कडव्यात 'राखीअले' येतं. बेधीअले, राखीअले, भरमीअले हे 'बेधीअ ले' असे तोडून 'घे' चा अर्थ निघत नाही, तिथे -ले हा प्रत्ययच मानावा लागतो. मग त्याच साच्यातलं आनीलेही तसंच धरणं जास्त सरळ.

आता प्रत्यय मराठी की पूर्वेकडचा? ह्याला एक चांगली कसोटी आहे, लिंग. मराठीत तीन लिंगं आणि क्रियापद कर्माशी जुळतं: घडा आणिला, माळ ओविली, पाणी आणिलें. नपुंसकलिंग हिंदी, पंजाबी, भोजपुरी कुणाकडेच नाही. तर पदातले सहा प्रयोग एकेक करून जुळवून बघू.

ऊदक नपुंसक, भराईले, जुळलं. फूल नपुंसक, आनीले, जुळलं. दूध नपुंसक, आनीले, जुळलं. कुंभ पुल्लिंगी, एकवचनी असेल तर 'आनीला' हवं होतं, अनेक घडे असतील तर आनीले चालतं. खीरं, आपली खीर स्त्रीलिंगी पण इथे शेवटी अनुस्वार देऊन संस्कृत क्षीरम् सारखं केलंय, ते नपुंसक, म्हणजे ओढूनताणून जुळतं. आणि माला, स्त्रीलिंगी, 'परोईली' हवं होतं, आहे 'परोईले'. हे कसंही करून जुळत नाही.

रामकलीच्या पदात बघा, मन आणि चित्त मराठीत नपुंसक, 'मनु बेधीअले', 'चीतु राखीअले', दोन्ही सुरेख जुळतात. पण 'काटीले गूडी' नाही जुळत. (गूडी म्हणजे गुढी नाही हं, पतंग. पंजाबीत आजही पतंगाला गुड्डी म्हणतात, आणि ओळीतही कागद कापून आकाशात फिरवलाय.)

ह्यातून मी काढलेला निष्कर्ष असा की मुळात मराठी नपुंसकलिंगी -इलें असावं, ते बऱ्याच ठिकाणी अजून बरोबर बसलेलं आहे, पण पद ज्यांच्या तोंडी होतं त्यांना त्याचा नियम माहीत नव्हता, त्यांच्या लेखी -ईले हा ठसा झाला होता, माळ असो की पतंग तोच लावायचा. आणि हा ठसा कुठे येतो तेही बघा, कडव्याच्या सुरुवातीला, 'आनीले अमुक तमुकईले ढमुक' ह्या साच्यात. 'आनीले कुंभ भराईले ऊदक' हा तुकडा तर दोन्ही पदांत आहे. साचा लक्षात राहतो, चालीला पक्का बसतो, म्हणून तो टिकला, आणि ओळीचा उरलेला भाग हळूहळू गाणाऱ्यांच्या बोलीचा होत गेला. तुमचा निष्कर्ष वेगळा निघू शकतो, पण सहा प्रयोगांची जुळणी करून मगच काढा.

'भैला' ला हाच नियम लावा. झाला ह्या अर्थी मराठी 'जा-' वरून जाहला, जाला म्हणते, भ- वरून नाही. भ- उत्तरेत (भयो, भया) आणि पूर्वेला (भइल, भेल). पण बीठलु पुल्लिंगी एकवचनी आणि भैला मध्ये -ला, हे मराठीच्या नियमाने बरोबर. मी शेरा लिहितो: मूळ उत्तर किंवा पूर्व, प्रत्यय बहुतेक मराठी, शंका आहे. शंका असेल तर शंका असंच लिहायचं, रकाना त्याच्यासाठीच आहे.

सहावी पायरी: फसव्या जुळ्यांची यादी ठेवा

आपल्याला ओळखीचा दिसणारा प्रत्येक शब्द वेगळ्या कागदावर लिहा आणि विचारा, हाच शब्द शेजारच्या भाषेत दुसऱ्या अर्थाने आहे का. ह्या एका पदातच चार निघतात.

'सद केला', डोळ्याला 'त्याने केला' दिसतं. पण क्रियापद आधीच येऊन गेलंय, 'करे'. केला इथे केलि, क्रीडा. सदा क्रीडा करतो. ओळीत क्रियापद आधीच असेल तर दुसऱ्यावर संशय घ्या, ही सोपी युक्ती आहे.

'होते', हे मराठीत भूतकाळ आणि हिंदीत 'असतात' कडे झुकणारं रूप. दोन्हींनी अर्थ लागतो. सामायिक.

'काइ', आपलं काय. पण राजस्थानीत कांई आहे, गुजरातीतही तसंच रूप आहे. अर्धं मत.

'ऊभै', हा सगळ्यात मोहाचा. 'ऊभै बीठलु' वाचलं की कुणाही वारकऱ्याच्या डोळ्यांसमोर विटेवर उभा विठ्ठलच येणार, माझ्याही येतो. पण आधी 'ईभै बीठलु' आहे, आणि ईभै-ऊभै ही जोडी आहे, खाली-वर, इथे-तिथे अशी. पंजाबी टीकाकार तोच अर्थ घेतात. मराठी उभा हा संस्कृत ऊर्ध्व वरूनच आलेला, त्यामुळे नातं आहेच, पण ओळीत विठ्ठल उभा नाही, विठ्ठल वर आहे. जोडीतला एक शब्द कळत नसेल तर दुसऱ्याचा अर्थ एकट्याने लावायचा नाही.

उसना शब्द आणि परकी ओळ ह्यात फरक करा

सुरुवातीच्या तिलंग पदाकडे परत येतो (अंग ७२७). त्यात 'खुसिखबरी' आहे. तो फारसी शब्द, पण तो उसना आहे, आज आपणही खुशखबर म्हणतोच, त्यामुळे बोलणारा फारसी बोलतोय असं होत नाही. चिठ्ठी: मूळ फारसी, वापर देशी. पण पुढची ओळ बघा:

कुजा आमद कुजा रफती कुजा मे रवी

कुठून आलास, कुठे गेला होतास, कुठे जातोयस. इथे नामं नाहीतच, प्रश्नवाचक 'कुजा' फारसी, धातू फारसी, 'रफती' मधला तू चा ई फारसी, चालू क्रियेचा 'मे' फारसी. हिंदुस्थानात फारसीचा जुना ए टिकला, इराणात आज तो 'मी' म्हणतात. चौथ्या पायरीतले सगळे वजनदार साक्षीदार एकाच भाषेचे असले की ती ओळच त्या भाषेत आहे असं म्हणायचं. तरी 'आमद' बघा, नियमाने 'आमदी' हवं, तू आलास, इथे तो आला असं रूप आहे. परोईले माला सारखंच, गाणाऱ्यांच्या तोंडी एक प्रत्यय झिजला. पुढच्या ओळीत 'रासि बुगोई', खरं सांग, तिथे 'रास्त' चा त गळून रासि झालाय.

आणि लगेच 'खूबु तेरी पगरी मीठे तेरे बोल', छान तुझी पगडी, गोड तुझे बोल, परत हिंदी. चार ओळींत भाषा दोनदा बदलली. म्हणून तिलंगच्या पदाला ओळीओळीने चिठ्ठी लावता येते आणि आसाच्या पदाला शब्द तोडूनच लावावी लागते. कुठलंही नवं पद घेतलंत की आधी हे ठरवा, मिसळ ओळींची आहे की शब्दाच्या आतली, मग रकाने पाडा.

मोजायचंच असेल तर

लोक लगेच विचारतात, मग मराठी किती टक्के? शब्द मोजून टक्के काढू नका, कारण बीठल सात वेळा येतो, भैला चार वेळा, आणि ध्रुपद तर गाताना कितीदा येतं. वेगवेगळी मुळं एकदाच मोजा आणि प्रत्यय वेगळे मोजा. माझ्या वहीत आसाच्या पदात मूळ, प्रत्यय आणि ध्वनी तिन्ही मराठी असलेला एकही शब्द निघाला नाही. मराठी आहे ती -ईले मध्ये, बहुतेक -ला मध्ये, बिटारिओच्या मुळात, आणि अर्ध्या मताने काइ मध्ये.

आणि तुमच्या चिठ्ठ्या १६०४ च्या पाठाबद्दल आहेत, नामदेव स्वतः काय बोलले त्याबद्दल नाहीत, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. हीच पदं राजस्थानातल्या पोथ्यांतही आहेत, आपल्याकडच्या गाथ्यांतही हिंदी पदं छापलेली असतात, तिथे शब्द बदललेले दिसतील, तेव्हा प्रत्येक पाठाचा वेगळा तक्ता करा, एकातला शब्द दुसऱ्यात घुसवू नका.

सरावाला रामकलीचं पद घ्या. 'आकास मधे' पासून सुरू करा, 'मधे' आपलं मध्ये दिसतं, पण आपण आकाशामध्ये म्हणतो, आकाशचं आकाशा करतो, आणि इथे ते झालेलं नाही. मग 'मांडीअले' आणि 'पउढीअले' घ्या, मांडणे आणि पहुडणे दोन्ही आपल्याकडे आहेत, ब्रजमध्ये पौढना आहे. मांडीअलेला मी मूळ मराठी लावलंय आणि पउढीअलेच्या पुढचा रकाना अजून रिकामा आहे.